वाक्य मनात तयार असतं, पण तोंड उघडत नाही: दुसऱ्या भाषेत बोलण्याच्या भीतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीत किंवा कॉलेजात दुसऱ्या भाषेत बोलावं लागणाऱ्या लोकांकडून मी बोलण्याचा सराव करून घेते. त्यांच्या प्रश्नांत व्याकरणाचे प्रश्न फार थोडे असतात. बहुतेक प्रश्न एकाच प्रसंगाभोवती फिरतात. सहा-आठ माणसं बसलेली असतात, विषय आपल्या रोजच्या कामाचा असतो, त्यातलं आपल्याला इतरांपेक्षा जास्तच कळत असतं, आणि तरी तोंडातून शब्द फुटत नाही. इथली सगळी उत्तरं त्या प्रसंगाबद्दलच आहेत. उदाहरणं इंग्रजीतली घेतली आहेत, पण दुसरी भाषा कुठलीही असली तरी घडतं ते असंच.

एकटी असताना तेच वाक्य मला नीट बोलता येतं. मग मीटिंगमध्येच पाटी कोरी का होते?

बोलताना आपली तीन-चार कामं एकाच वेळी चालू असतात. काय सांगायचं ते ठरतं, त्यासाठी शब्द आणि वाक्याची घडण सापडते, जीभ आणि ओठ हलतात, आणि जे बाहेर पडतंय ते बरोबर आहे का याकडे एक कान असतो. विलेम लेव्हेल्ट या मानसभाषाशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये बोलण्याच्या क्रियेची जी मांडणी केली, ती साधारण अशीच आहे. मातृभाषेत शब्द आणि घडण आपोआप येतात. आपण फक्त काय म्हणायचं ते ठरवतो, बाकीचं घडून जातं. दुसऱ्या भाषेत मात्र शब्द शोधायला, क्रियापदाचं रूप बसवायला मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

आणि लक्ष मोजकंच असतं. भीती वाटली की त्यातला मोठा वाटा स्वतःवर पहारा ठेवण्यात जातो. आवाज कापतोय का, समोरचा का हसला, आत्ता मी 'इज' म्हणाले की 'आर', अशी विचारणा आत चालू राहते. शब्द शोधायला जे लक्ष हवं होतं ते या पहाऱ्यावर खर्च होतं, आणि ऐन वेळी साधा, रोजचा शब्दही सापडत नाही. तो विसरलेला नसतो. मीटिंग संपून जिन्यापर्यंत पोचलात की तोच शब्द आपण होऊन आठवतो, कारण तोवर पहारा उठलेला असतो. ही जिन्यावरची आठवण तुम्हाला येत असेल तर तिच्याकडे नीट लक्ष द्या. शब्द तुमच्याकडे आहे, तिथवर पोचायची वाट तेवढ्यापुरती अडली होती, असा तिचा अर्थ आहे.

याला काही नाव आहे, की मीच भित्रा आहे?

नाव आहे. एलेन हॉर्विट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दुसरी भाषा वापरताना वाटणाऱ्या या चिंतेला वेगळी ओळख दिली आणि ती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यांचं म्हणणं होतं की एरवी शांत, धीट असलेल्या माणसालाही ही चिंता होऊ शकते. ती त्या एका भाषेच्या प्रसंगाला चिकटलेली असते, माणसाच्या सगळ्या स्वभावाला नाही. मातृभाषेत भांडायला मागेपुढे न पाहणारी कितीतरी माणसं मी दुसऱ्या भाषेत पुटपुटताना पाहिली आहेत.

मी मनात वाक्य जुळवतो, तोवर चर्चा पुढच्या मुद्द्यावर जाते. दर वेळी हेच होतं. काय करू?

माझ्याकडे सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे. अनेकांना वाटतं आपली बुद्धीच मंद आहे. खरं कारण वेळेच्या गणितात आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? वेगवेगळ्या १० भाषांतल्या प्रश्नोत्तरांवर २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात हे अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास निघालं. भाषेभाषेत फरक होता, पण थोडाच. आता दुसरा आकडा बघा. चित्र दाखवून त्या वस्तूचं नाव विचारलं, तर मातृभाषेतसुद्धा तोंडातून शब्द सुटायला साधारण ०.६ सेकंद लागतो. म्हणजे एक शब्द शोधायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शात पुढचा माणूस बोलायला लागलेला असतो. हे जमतं, कारण समोरच्याचं बोलणं चालू असतानाच ऐकणारा त्याचा शेवट ओळखतो आणि आपलं उत्तर तयार करायला घेतो. ऐकणं आणि जुळवणं एकाच वेळी चालतं.

दुसऱ्या भाषेत ऐकायलाच सगळं लक्ष लागतं, त्यामुळे जुळवणी सुरू होते ती समोरचा थांबल्यावर. वर तुम्ही पूर्ण, निर्दोष वाक्य होईपर्यंत थांबता. पाच सेकंद जातात आणि तेवढ्यात दोन जण बोलून मोकळे होतात. या शर्यतीत घाई करून जिंकता येत नाही. म्हणून जागा आधी घ्यायची आणि वाक्य मागून जुळवायचं.

त्यासाठी दोन-तीन तयार तुकडे तोंडात इतके बसवा की ते आठवावे लागू नयेत. 'कॅन आय ॲड समथिंग हिअर', 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट दॅट', आणि विषय निसटला असेल तर 'कॅन वी गो बॅक टू द लास्ट पॉइंट फॉर अ मिनिट'. समोरच्याचं शेवटचं वाक्य उतरणीला लागलं की पहिला तुकडा म्हणून टाकायचा. तो म्हणायला दीड-दोन सेकंद लागतात, मग माना तुमच्याकडे वळतात, एखादा 'येस, प्लीज' म्हणतो. तोवर तुम्हाला चार-पाच सेकंद मिळालेले असतात, आणि आता जागा तुमची असते. या वेळात पूर्ण वाक्य नको, त्याचे पहिले तीन शब्द पुरतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये हात वर करायचं बटण हेच काम करतं, ते वापरायला अजिबात संकोच करू नका.

शेवटचा, मागे नेणारा तुकडा लोकांना उद्धट वाटतो, म्हणून ते तो वापरतच नाहीत. तो उद्धट नाही. मातृभाषेतही आपण 'मघाशी तुम्ही म्हणालात ना, त्यावरून आठवलं' असं सर्रास म्हणतो.

आणखी एक गोष्ट, जी लोकांना उलटी वाटते. घाबरणारी माणसं आधी सगळ्यांचं ऐकून घेऊ, मग बोलू, असं ठरवतात. जितका उशीर तितकं अवघड होत जातं. चर्चा पुढे सरकली की तिला फाटे फुटतात, शब्द बदलतात, आणि तुम्ही घरून जे ठरवून आलात ते आता जसंच्या तसं बसत नाही. शिवाय अर्धा तास गप्प राहिल्यावर पहिला शब्द उच्चारणं ही मोठी घटना होऊन बसते. पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोला. साधा प्रश्न चालेल, कुणाच्या म्हणण्याला दुजोरा दिलात तरी चालेल. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी मागून घेता आले तर घ्या, आणि त्यातल्या एकाच विषयावर एकच वाक्य तयार ठेवा.

सगळे ओळीने आपली ओळख करून देतात तेव्हा माझी पाळी येईपर्यंत मला इतरांचं काहीच ऐकू येत नाही. हे नॉर्मल आहे का?

हो, आणि हे मातृभाषेतही होतं. ओळीने बोलायचं असतं तेव्हा आपल्या लगेच आधी जो बोलतो त्याचं आपल्याला सगळ्यांत कमी आठवतं, हे १९७३ पासून माहीत आहे. दुसऱ्या भाषेत हा आंधळा पट्टा आणखी रुंद होतो, इतकंच. शक्य असेल तर पहिल्या दोघांत बोला. नाहीतर शेजाऱ्याचं नाव तेवढं कागदावर लिहून घ्या. पुढे त्याच्याशी बोलताना उपयोगी पडतं, आणि हाताला काम मिळालं की छातीतली धडधडही थोडी बसते.

बोलताना चूक लक्षात आली की मी वाक्य पुन्हा सुरू करते. चूक सुधारणं चांगलंच ना?

थोड्याच चुकांच्या बाबतीत. हे नीट कळण्यासाठी एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना दर आठवड्याला आपल्या विभागाच्या कामाचा दोन मिनिटांचा आढावा इंग्रजीत द्यावा लागायचा, आणि आदल्या रात्री त्यांना झोप लागत नसे. मी त्यांना एकदा तो आढावा फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगितलं. ऐकण्याआधी विचारलं, किती चुका झाल्या असतील? 'पंचवीस तरी,' त्या म्हणाल्या.

मग आम्ही ते तीनदा ऐकलं आणि शब्दन्‌शब्द कागदावर उतरवला. चुका भरल्या नऊ. त्यांतली अर्थ बदलणारी एक. पण वाक्य मध्येच तोडून पुन्हा सुरू करणं झालं होतं अकरा वेळा. त्यातलं एक वाक्य असं होतं:

'द फाइल्स वॉज... वेअर... हॅव बीन सेंड... सेंट टू द क्लायंट येस्टरडे.'

हे वाक्य हळू वाचा. 'वॉज' चुकलं होतं, ते सुधारून त्या 'वेअर'वर आल्या. तिथे थांबल्या असत्या तर 'द फाइल्स वेअर सेंट टू द क्लायंट येस्टरडे' हे अगदी बरोबर वाक्य झालं असतं. पण शंका आली, म्हणून त्या 'हॅव बीन'वर गेल्या. आणि 'येस्टरडे'सारखा ठरलेला भूतकाळ सांगणारा शब्द असेल तर 'हॅव बीन' चालत नाही. म्हणजे बरोबर आलेलं रूप त्यांनी स्वतःच पुसून टाकलं. भीती असते तेव्हा सुधारणा अशी करते. कुठे थांबायचं ते तिला कळत नाही.

अर्थ बदलणारी ती एकुलती एक चूक मात्र त्यांच्या लक्षातही आली नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, 'आय विल फिनिश इट टिल थर्सडे.' मनात 'गुरुवारपर्यंत' होतं, त्याचं सरळ 'टिल थर्सडे' झालं. इथे 'बाय थर्सडे' हवं होतं. 'टिल' म्हटलं की ते काम गुरुवारपर्यंत चालूच राहणार असा भास होतो, आणि ऐकणारा मुदतीबद्दल गोंधळतो.

हा त्या एकट्या बाईंचा स्वभाव नाही. टॅमी ग्रेगरसन यांनी २००३ मध्ये भाषेची चिंता असलेल्या आणि नसलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. चिंता असलेल्यांच्या चुका काहीशा जास्त होत्या, हे खरंच. पण ते स्वतःला पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होते, आणि चुका किती झाल्या असं विचारल्यावर प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगत होते.

आम्ही एक नियम ठरवला. आकडा, तारीख, नाव, हो की नाही, आणि कुणी कुणासाठी केलं, या पाच जागी चूक झाली तर थांबून सुधारायचं, तेही 'सॉरी, बाय थर्सडे' एवढंच म्हणून. बाकी कुठलीही चूक झाली की पुढे चालायचं. एकवचन-अनेकवचन, 'अ' आणि 'द', क्रियापदाच्या शेवटचा 'स', हे सगळं जाऊ द्यायचं. त्यांची सुधारणा बोलताना करायची नाही. रेकॉर्डिंग ऐकताना, कागदावर करायची. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांची पुन्हा सुरुवात करण्याची संख्या अकरावरून चारवर आली. चुका नऊच्या सात झाल्या. ऐकणाऱ्यांना फरक जाणवला तो पहिल्या आकड्यामुळे, कारण सारखं तुटणारं वाक्य ऐकणाऱ्याला दमवतं. 'फाइल्स वॉज' असं सलग ऐकू आलं तर बहुतेकांच्या ते कानाआड जातं.

तुम्हीही हे करून बघा. स्वतःचा आवाज ऐकणं पहिल्यांदा फार जड जातं. तरी आधी अंदाज लिहा, मग मोजा. नुसतं ऐकलंत तर मन खराब होईल आणि हाती काही लागणार नाही.

माझ्या ॲक्सेंटवरून लगेच कळतं मी कुठला आहे. तो घालवायला किती वेळ लागेल?

मोठेपणी शिकलेल्या भाषेतला ॲक्सेंट बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण जात नाही, आणि तो घालवण्यामागे लागण्याचं कारणही नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ॲक्सेंट किती जाणवतो, बोलणं किती कष्टाने समजतं आणि शेवटी किती समजतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खूप जड वाटणारा ॲक्सेंट असूनही शब्दन्‌शब्द समजलेला असू शकतो. ज्याला 'माझा ॲक्सेंट वाईट' असं वाटतं त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात मला 'काय म्हणालात?' असं किती वेळा विचारलं गेलं, आणि कुठल्या शब्दांवर? तेवढेच शब्द दुरुस्त करायचे.

बहुतेक वेळा गडबड जोर देण्यात असते. आपल्या भाषेत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जात नाही. इंग्रजीत जोर सरकला की शब्द ओळखू येत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्या 'टो'वर सरकतो आणि उच्चार 'फटॉग्रफर'च्या जवळ जातो. दुसरी जागा म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचे 'प', 'ट', 'क'. इंग्रजीत ते थोडी हवा सोडून म्हणतात. आपण ते कोरडे म्हणतो, आणि तिकडच्या कानाला आपला 'प' कधी कधी 'ब'सारखा लागतो. 'पॅक'चा 'बॅक' होतो. तोंडासमोर पातळ कागद धरून 'पॅक' म्हणा, कागद हलला पाहिजे. उलट 'थिंक' आणि 'दॅट' यांच्या सुरुवातीच्या ज्या आवाजांपायी लोक महिने घालवतात, ते समजण्याच्या दृष्टीने फारसे महत्त्वाचे नाहीत. वेगवेगळ्या भाषांचे लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा काय अडतं आणि काय अडत नाही, याची यादी जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये मांडली. तिच्यात हे आवाज सोडून दिलेले आहेत.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. ॲक्सेंटचा लोकांच्या मनावर परिणाम होतो. शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायझर यांच्या २०१० च्या प्रयोगात तेच विधान परक्या ॲक्सेंटमध्ये ऐकलं तेव्हा लोकांना ते थोडं कमी खरं वाटलं. त्यांच्या मते याचं एक कारण म्हणजे ऐकायला जास्त कष्ट पडतात, आणि तो त्रास मन नकळत विधानाच्या माथी मारतं. हा अन्याय आहे, आणि तुमचा दोष नाही. पण कष्ट कमी करणं काही अंशी आपल्या हातात असतं. महत्त्वाचा आकडा बोलण्याबरोबर पडद्यावर किंवा कागदावर दाखवा. वाक्य मध्येच तोडू नका. श्वास घ्यायचा तो वाक्याच्या शेवटी घ्या.

माझी घबराट सगळ्यांना दिसते का?

तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी दिसते. आतली धडधड आपल्याला ढोल वाजल्यासारखी जाणवते, म्हणून ती बाहेरही ऐकू जात असेल असं वाटतं. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण देणाऱ्यांवर हे तपासलं. वक्त्यांनी स्वतःच्या घबराटीला जेवढे गुण दिले त्यापेक्षा श्रोत्यांनी कमी दिले. आणि ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधीच समजावून सांगितली होती त्यांची भाषणं जास्त चांगली झाली.

परक्यांसमोर मी बरी बोलते, पण आपल्याच भाषेचं माणूस शेजारी असलं की जीभ अडखळते. असं का?

हे फार जण सांगतात, आणि सांगताना त्यांना अपराधी वाटतं. परक्या माणसाला तुमचं 'टिल थर्सडे' कुठून आलं ते कळत नाही, आपल्या माणसाला बरोबर कळतं. त्यात तुलना असते: तोही तिथूनच आला आणि माझ्यापेक्षा सफाईने बोलतो. आणि ज्याच्याशी आपण रोज आपल्या भाषेत बोलतो त्याच्यासमोर दुसऱ्या भाषेत बोलताना सोंग आणल्यासारखं वाटतं, हे काहीतरी 'शायनिंग' मारतेय असं तो म्हणेल अशी भीती असते.

यावर मला एकच उपाय चाललेला दिसला आहे. अशा एकाच माणसाला बाजूला घेऊन आपल्या भाषेत सांगायचं: 'मला तुझ्यासमोर बोलताना सगळ्यांत जास्त लाज वाटते. मीटिंगच्या आधी पाच मिनिटं माझं ऐकशील का? चुका काढू नकोस, फक्त काय कळलं ते सांग.' बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं, 'मलाही तसंच होतं.'

आणि कुणी खरंच हसलं तर?

हसतातच, हे मी नाकारणार नाही. कॉलेजात असताना एका प्राध्यापकांनी माझा 'डेव्हलप' हा शब्द माझ्याच उच्चारात, माझ्याच आवाजात वर्गाला म्हणून दाखवला होता. मी 'डे'वर जोर दिला होता. वर्ग हसला. त्यानंतर त्या तासाला मी वर्षभर तोंड उघडलं नाही, आणि त्या विषयात मला विचारायचं होतं ते विचारायचं राहूनच गेलं. शब्द एक होता, पण त्यापायी वर्ष गेलं. म्हणून 'हसू दे, लक्ष देऊ नकोस' हा सल्ला मी कुणाला देत नाही.

आधी हे पाहा की हसू कशावर होतं. शब्द चुकून खरंच मजेदार अर्थ निघाला आणि सगळे हसले, तर तो क्षण जातो. तिथे 'सॉरी, आय मेंट अमुक' म्हणून पुढे गेलं की संपतं. नक्कल ही वेगळी गोष्ट आहे. कुणी तुमचा उच्चार पुन्हा म्हणून दाखवला, तर शांतपणे एवढंच विचारा: 'वॉज द मीनिंग क्लिअर?' हा प्रश्न खोचक सुरात नको, खरोखर उत्तर हवं आहे अशा सुरात हवा. उत्तर 'हो' असेल तर चर्चा मुद्द्यावर येते. 'नाही' असेल तर तुम्ही दुसऱ्या शब्दांत सांगता, आणि तेही मुद्द्यावरच असतं.

हेच पुन्हा पुन्हा घडत असेल, तर तारीख, नेमके शब्द आणि तिथे कोण कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. दोन-तीन नोंदी झाल्या की वरिष्ठांशी किंवा विभागप्रमुखांशी बोला. 'मला वाईट वाटतं' याऐवजी 'अमुक दिवशी असं झालं, म्हणून मी तो मुद्दा मांडू शकलो नाही आणि कामावर हा परिणाम झाला' असं मांडलं तर त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता जास्त. हा त्रास सरावाने सुटणारा नाही, कारण इथे चूक तुमच्या बोलण्यात नाहीच.

घरी सराव नेमका कसा करायचा? आरशासमोर बोलून काही होत नाही.

आरसा मला आवडत नाही. तो स्वतःकडे बघायला लावतो, आणि अडचण मुळात तीच आहे.

मी करून घेते ती पद्धत ४/३/२ या नावाने ओळखली जाते, आणि भाषा शिकवणारे पॉल नेशन यांच्या १९८९ च्या लेखामुळे ती बरीच पसरली. एकच मजकूर एका माणसाला ४ मिनिटांत सांगायचा, मग दुसऱ्याला ३ मिनिटांत, मग तिसऱ्याला २ मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा असतो, त्यामुळे तेच पुन्हा सांगायला कंटाळा येत नाही. माणसं नसतील तर फोनवर तीन वेळा रेकॉर्ड करा. कामावरचा आढावा छोटा असेल तर २ मिनिटं, दीड मिनिट, १ मिनिट असं करा.

वेळ कमी होताना काय घटतं यावर सगळं आहे. रेंगाळणं, 'अं...' आणि पुन्हा सुरुवात करणं घटलं, पण मुद्दे तेवढेच राहिले, तर सराव बरोबर चालला आहे. मुद्देच गळायला लागले तर वेळ फार कमी केली आहे, ती वाढवा. घाईघाईने गाडी सोडल्यासारखं बोलायला लागलात तरी तेच. आधीपासून लिहून पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दावर अडलं की पुढचं सगळंच जातं. फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ ठेवा, मधल्यासाठी चार शब्द कागदावर पुरतात.

विषय रोज बदलावा असं अनेकांना वाटतं. उलट करा. नेल दे योंग आणि चार्ल्स परफेटी यांच्या २०११ च्या अभ्यासात, ज्यांनी तोच विषय पुन्हा पुन्हा सांगितला त्यांची सफाई पुढे नव्या विषयावर बोलतानाही टिकली. ज्यांना दर फेरीला विषय बदलून दिला त्यांची तशी टिकली नाही. म्हणून आठवडाभर एकच विषय ठेवा, आणि तो सोमवारच्या मीटिंगचा असू द्या.

ही भीती किती दिवसांत जाते?

तिचं जाणं सरळ रेषेत नसतं. ओळखीच्या माणसांसमोर ती काही आठवड्यांत उतरते, आणि नवा साहेब आला, फोनवर बोलायची वेळ आली, की पुन्हा डोकं वर काढते. फोनवर समोरच्याचे ओठ आणि चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे ती सगळ्यांत शेवटी जाते. ती पुन्हा आली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. आणि स्वतःच्या प्रगतीचा अंदाज मनाने बांधू नका. चिंता असलेली माणसं आपली भाषा प्रत्यक्षापेक्षा कमी लेखतात, हे पीटर मॅकिंटायर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं आहे. दर महिन्याला एक रेकॉर्डिंग तारीख घालून ठेवा आणि त्यातल्या पुन्हा केलेल्या सुरुवाती मोजा.

पण मला भीती नसेल, भाषाच येत नसेल तर? हे कसं ओळखू?

फार योग्य प्रश्न, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दार लावून, एकट्याने, हवा तितका वेळ घेऊन उद्याचा मुद्दा फोनवर सांगा. तेव्हा जमलं आणि मीटिंगमध्ये नाही जमलं, तर अडचण भीतीची आहे आणि वर सांगितलेलं सगळं तुमच्या कामाचं आहे. एकट्यानेही शब्द सापडत नसतील, तर भाषेचा साठा वाढवायला हवा. तुमच्या कामात दर आठवड्याला लागणारी तीस-चाळीस वाक्यं गोळा करा, ती आधी ऐका, मग म्हणा. अशा वेळी भीती ही बहुधा साठा कमी असल्याची खूण असते, आणि साठा वाढला की तीही उतरते.

तिसरी शक्यताही तपासा. तोच मुद्दा मातृभाषेत, तितक्याच माणसांसमोर सांगून बघा. तिथेही श्वास अडकत असेल, आदल्या रात्री झोप जात असेल, लोकांत जेवणं, फोन घेणं, ओळख करून देणं टाळलं जात असेल, किंवा या भीतीपायी बढती, परीक्षा सोडून द्यावीशी वाटत असेल, तर हा प्रश्न भाषेचा राहत नाही. तेव्हा समुपदेशकाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जा. लोकांसमोरच्या भीतीवर वर्तन आणि विचार या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती चांगली चालते, आणि ती तुमच्या मातृभाषेत घेता आली तर अधिक बरं. पहिल्या भेटीत काय सांगायचं असा प्रश्न पडला, तर शेवटच्या अशा एका प्रसंगाची तारीख, तिथे किती माणसं होती आणि तुम्ही काय बोलायचं टाळलं, एवढं लिहून न्या. पुढचे प्रश्न ते विचारतील.